चार रकान्यांतली बाई

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि फसलेले, शाई पसरलेले कागद घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची आणि छापील बाजू पाठ करायची. ‘माणूस म्हणजे हजेरीपटावरचा आकडा नव्हे’ हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी येत होतं. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी सुईणीचं शिक्षण घ्यायला पिंपरीच्या प्रसूतिगृहात आले, आणि सिस्टरनी पहिल्याच दिवशी फळ्यावर चार रकाने आखून सांगितलं, की येणारी प्रत्येक बाई आधी यात बसवायची, तेव्हा माझं डोकं फिरलं. ही गोष्ट फार जुनी नाही. चारच वर्षं झाली आहेत.

प्रसूतिगृह म्हणजे निर्वासितांच्या छावणीतली एक लांबट बराक होती. सैन्य गेलं, सिंधी कुटुंबं आली आणि एका बराकीत आठ खाटा पडल्या. बाया तीन तऱ्हांच्या यायच्या: छावणीतल्या, नव्या कारखान्यांच्या बांधकामावर आलेल्या आणि आसपासच्या गावांतल्या. शिकणाऱ्या आम्ही सहाजणी. औषधांच्या कपाटाला टेकवलेला फळा हाच आमचा वर्ग.

सिस्टर पन्नाशीच्या, कोकणातल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी इंग्रजी अक्षरं वर लिहिली आणि खाली मराठीत अर्थ सांगितला. पहिला रकाना जी, म्हणजे ग्रॅव्हिडा: बाईला आजवर किती वेळा दिवस गेले, आत्ताचं पोट धरून. दुसरा पी, म्हणजे पॅरा: त्यांतल्या किती खेपा अठ्ठावीस आठवड्यांच्या, साधारण सात महिन्यांच्या पुढे जाऊन बाळंतपण झालं. मूल जिवंत निपजलं की मेलेलं, हे या रकान्यात बघायचं नाही. तिसरा एल: आज तिची किती मुलं जिवंत आहेत. चौथा ए: सात महिने भरायच्या आत किती खेपा गेल्या, मग त्या आपोआप गेल्या असोत की पाडलेल्या असोत. पुस्तकात भर पहिल्या दोन अक्षरांवर होता. पुढचे दोन रकाने आमच्या सिस्टर सोडू द्यायच्या नाहीत.

मग उदाहरणं. पहिलटकरीण, पाचवा महिना. सोपं होतं: जी एक, बाकी तिन्ही शून्य. दोन बाळंतपणं, दोन्ही मुलं घरी, एकदा तिसऱ्या महिन्यात गेलेलं आणि आता पुन्हा पोट. जी चार, पी दोन, एल दोन, ए एक. इथवर सगळ्या जणी बरोबर. मग सिस्टरनी छावणीतल्या एका बाईचं उदाहरण दिलं. एकदाच बाळंत झाली, जुळं झालं, दोन्ही पोरी जिवंत. आता पुन्हा दिवस आहेत. आम्ही सहाही जणींनी पी दोन लिहिलं. सिस्टरनी सहाही पाट्यांवर फुली मारली.

“बाळंतपण एकदाच झालं ना? पॅरा बाळंतपणं मोजतो, पोरं नाही. पोरांना तिसरा रकाना आहे.” म्हणजे जी दोन, पी एक, एल दोन, ए शून्य.

आणि जिचं पहिलं मूल आठव्या महिन्यात मेलेलं जन्मलं आणि आता दुसऱ्यांदा दिवस आहेत, तिचं? जी दोन, पी एक, एल शून्य, ए शून्य. मूल घरी आलं नाही, पण गर्भाशयाने बाळंतपण सोसलं. गर्भाशयाला मूल रडलं की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, असं सिस्टर म्हणाल्या. शेवटी पडताळा: पोटुशी बाई असेल तर पी आणि ए यांची बेरीज करायची, त्यात आत्ताचं एक मिळवायचं, जी आला पाहिजे. बाळंत झाली की जी तोच राहतो आणि पी एकाने वाढतो.

मी हात वर केला आणि म्हटलं, की बाईची अशी बेरीज करणं मला मान्य नाही. तिचं दुःख, तिची गरिबी, तिच्यावरची जबरदस्ती यातल्या कुठल्या रकान्यात येते? मैत्रिणी खाली बघून हसल्या. सिस्टर रागावल्या नाहीत. वहीचं डावं पान मोकळं असतं, तिथे हवं तेवढं दुःख लिही, उजव्या पानावर मला चार आकडे पाहिजेत, एवढंच म्हणाल्या.

आकडे कशाला हवेत हेही त्यांनी सांगितलं होतं, पण मी ते कानाआड केलं. आमच्याकडे रक्त चढवायची सोय नव्हती. पाच किंवा जास्त बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थकलेलं असतं. मूल बाहेर आल्यावर ते आवळलं जात नाही आणि रक्त वाहत राहतं. म्हणून पाच आणि त्यापुढच्या, तसंच आधी रक्तस्राव झालेल्या बाया पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवायच्या. बाकीच्या आमच्याकडे, नाहीतर घरी सुईणीच्या हातून.

दर बुधवारी पोटुश्या बायांची तपासणी असे. त्या बुधवारी माझ्या वाट्याला चाकणच्या अलीकडच्या एका गावातली बाई आली. नवरा औषधांच्या कारखान्याच्या बांधकामावर होता, म्हणून ती सासूला घेऊन इतक्या लांब आलेली. तिशीच्या आसपास वय, नववा महिना लागलेला, चेहरा हसरा. मी पेन उघडलं आणि विचारलं, “मुलं किती?”

“तीन,” ती म्हणाली. थोरली बारा वर्षांची, मग मुलगा सहाचा, धाकटी तीनची.

मी उजव्या पानावर नाक मुरडतच लिहिलं: जी चार, पी तीन, एल तीन, ए शून्य. पडताळा करून पाहिला. तीन अधिक शून्य अधिक एक, चार. बेरीज चोख जुळली. मग मी माझ्या आवडीच्या डाव्या पानाकडे वळले आणि तिला बोलतं केलं. ती बोलली पण छान. सहा वर्षांच्या मुलाबद्दल सांगताना तिला हसू आवरेना. “त्यो उकिरड्यावरचा हाय,” म्हणाली. तो जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला होता. शेजारणीने उचलून आपल्या घरी नेला आणि पसाभर कोंडा देऊन आईने तो परत विकत घेतला. नावही केरावरूनच ठेवलेलं.

मला संताप आला. तासाभराच्या लेकराला उकिरड्यावर ठेवायचं! मी अर्धं पान भरून लिहिलं: अज्ञान, अंधश्रद्धा, बायकांना शिक्षण नसल्याचा परिणाम. यावर एक पत्रक काढायचं, हेही मनात पक्कं केलं. सासू भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही आणि मीही तिला काही विचारलं नाही.

गर्दी होती. सिस्टरनी माझे आकडे बघून पोट तपासलं, बाळाचं डोकं खाली आहे म्हणाल्या आणि कार्डावर सही केली. चौथी खेप, आधीची तिन्ही ठीक, घरी सुईणीकडे बाळंत व्हायला हरकत नाही. दोघी दुपारच्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर वह्या तपासायला बसल्या. माझी वही त्यांनी आधी उजवीकडे वाचली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मला वाटलं, माझ्या लिहिण्यावर खूश झाल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“बारा आणि सहा,” त्या म्हणाल्या. “मधली सहा वर्षं ही बाई काय करत होती?”

मी वहीतली वयं पुन्हा वाचली.

“आणि मुलाला उकिरड्यावर कोण ठेवतं, ठाऊक आहे?”

“अडाणी लोक,” मी म्हटलं.

“जिची आधीची गेलेली असतात ती ठेवते. हा कुणाला नकोच आहे, केर आहे, असं दाखवायचं, म्हणजे याला तरी कोणी नेत नाही. तू अर्धं पान लिहिलंस, पोरी. बाईने तुला सगळं सांगितलं होतं.”

मी मुलं विचारली होती, आणि तिने मुलं सांगितली. बारशाच्या आधी गेलेलं मूल तिच्या लेखी मुलांत नव्हतंच. नाव नाही, त्याची गणती नाही. त्या एका आकड्यावरून मी बाकीचे तीन तयार केले होते, मग बेरीज जुळणारच. पडताळा फक्त एवढंच सांगत होता, की मला बेरीज येते.

सिस्टरनी कार्ड काढलं आणि स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. “ही माझी आहे,” म्हणाल्या, “मीही विचारलं नाही.” त्यांना जागचं हलता येत नव्हतं, एक बाई कळा देत होती. त्यांनी पुण्याच्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि बाया तिकडे पाठवतानाचं वेगळं जाड कार्ड दिलं. त्यावर चार रकान्यांच्या दोन ओळी असत: वरची पाठवताना भरायची, खालची बाळंतपणानंतर तिकडच्यांनी. वरची ओळ कोरीच होती. “जा आणि नीट विचारून भर. बाळंतपणं पाचाच्या आत निघाली, त्रास काही नव्हता, तर परत ये. नाहीतर तिला घेऊनच एस.टी.त बस.”

नाशिक रस्त्यावर जाऊन मी एस.टी. धरली. फाट्यावर उतरून कांद्याच्या शेतांतून अर्धा तास चालले. वाटेत मनात एकच होतं. ती काल घरी गेली आहे, नववा महिना आहे, आणि माझ्याच आकड्यांवरून तिला सांगितलं आहे की काही काळजी नाही.

ती ओसरीवर होती. तसंच पोट घेऊन कांदे निवडत होती. मला पाहून हसली. मला इतकं हायसं वाटलं, की क्षणभर मी कशाला आले तेच विसरले. शेजारच्या दोन बाया जमल्या, सासू आतून आली. मी पाणी प्यायले आणि या वेळी प्रश्न नीट विचारला: आजवर किती वेळा दिवस गेले?

ती सासूकडे बघायला लागली. हातातला कांदा तसाच राहिला.

“पोटाम्होरं गेल्याल्यांची गणती करू न्हाई, बाय,” सासू म्हणाली.

मग मी भाषण केलं. आता ते आठवलं की कान तापतात. विज्ञान काय म्हणतं, बाईचा जीव किती मोलाचा, रूढींनी आपलं किती नुकसान केलं, सगळं म्हणून झालं. बाया मन लावून ऐकत होत्या. माझं संपल्यावर एकीने विचारलं, “बाय, तुमचं लगीन झालंय का?” नाही म्हटल्यावर दुसरी म्हणाली, “तरीच येवढा दम हाय.” सगळ्या हसल्या, ती पोटुशीही हसली. मी कार्ड हातात धरून तशीच बसून राहिले. ओळ कोरीच होती.

सासू उठली, दाराआडची काठी घेतली आणि मला म्हणाली, शेरडं बघायला चल. मी तिच्यामागून घराच्या मागे गेले. शेरडांच्या गोठ्याआड, सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या लांब, ती दगडावर बसली.

“हितं इचार,” म्हणाली.

मी पहिल्यापासून विचारलं. एकेक खेप, क्रमाने, सिस्टरनी शिकवलं होतं तसं. पहिली मुलगी, नऊ महिन्यांची, जिवंत. तिच्यामागे मुलगा झाला. चांगला रडला, दूध प्यायला आणि पाचवीच्या दिवशी आकडी येऊन गेला. मग आठव्या महिन्यात एक मेलेलंच जन्मलं, मुलगी होती. मग तो उकिरड्यावरचा. मग एक तिसऱ्या महिन्यातच गेलं, कुणाला सांगितलंही नव्हतं. मग धाकटी. आणि आताचं हे पोट.

मी गुडघ्यावर कार्ड ठेवून मोजलं. थोरली, पाचवीला गेलेला, आठव्या महिन्यातली, उकिरड्यावरचा, धाकटी: बाळंतपणं पाच. तिसऱ्या महिन्यात गेलेलं: एक. आज जिवंत: तीन. पाच अधिक एक अधिक आताचं एक. जी सात, पी पाच, एल तीन, ए एक. काल मी लिहिलेल्यांपैकी फक्त तिसरा आकडा खरा होता.

“धाकटीच्या वेळेला कसं झालं?” मी विचारलं.

सासू बराच वेळ काठीने माती उकरत राहिली. मग म्हणाली, की पोर झाली, पण मुलामागून पडायची ती वार अडकली. सुईणीने ओढून काढली आणि मग रक्त थांबेना. घोंगडी भिजली, खालची जमीन भिजली. सुनेचे ओठ पांढरे पडले, ती पांघरूण मागत होती आणि उन्हाळ्याचे दिवस होते. सासूने स्वतः दोन्ही मुठींनी तिचं पोट दाबून धरलं, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. सुईण ‘आता राहू दे’ म्हणाली, तरी हिने हात काढले नाहीत.

“तवापासनं मला ठावं हाय,” ती म्हणाली. “आवंदा ही ऱ्हात न्हाई. रोज तिला बघती आन् मनात म्हनती, अजून हाय.”

“मग काल का नाही सांगितलंत?”

“इचारलं कुनी?”

यावर माझ्याकडे पत्रकातलं एकही वाक्य नव्हतं. मी चिठ्ठी दाखवली आणि सांगितलं, पुण्याला रक्ताची बाटली असते. रक्त थांबवायचं इंजेक्शन असतं, ते मूल झाल्याबरोबर देतात. वार अडकली तर काढायला डॉक्टर असतात. आणि कळा सुरू व्हायची वाट न बघता आताच जायचं, तिथेच राहायचं. तिच्या मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, विचारायला हवं का, तेही विचारलं.

“त्याला काय इचारायचं? धाकटीच्या येळंला त्यो भाईर बसला व्हता,” म्हणाली आणि उठली.

पुढचं सगळं तिनेच केलं. थोरलीला चुलीचं सांगितलं, धाकटीला शेजारणीच्या कडेवर दिलं, लुगडी गाठोड्यात बांधली. सुनेला एवढंच म्हणाली, “चल, पुन्याला जाऊन येऊ.” सून काही न विचारता उठली. निघताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं आधीच कळलेलं होतं, आणि कोणीतरी ‘चल’ म्हणावं याची ती वाट बघत असावी असं मला वाटलं. फाट्यापर्यंत बैलगाडीने गेलो, एस.टी.त कंडक्टरने पुढची जागा करून दिली. सासूने गाठोडं सुनेच्या पाठीशी लावलं आणि पुणं येईपर्यंत एक हात त्यावर टेकवून ठेवला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड आणि त्याच्या कडेला मी लिहिलेली मागच्या रक्तस्रावाची नोंद पाहिली. वरची ओळ वाचायला त्यांना दोन श्वास लागले असतील. “सात, पाच, आणि मागच्या खेपेला वार अडकून रक्तस्राव,” असं त्या शेजारच्या नर्सला म्हणाल्या, आणि लगेच सुनेचं रक्त तपासायला घ्यायला सांगितलं. माझ्या अर्ध्या पानाच्या लेखातून त्यांना हे कळलं नसतं. पत्रकावर वाढलेल्या मुलीला हे कबूल करायला जड जातं, तरी करते. माणूस आकडा नव्हे, हे मी आजही मानते. पण त्या दिवशी त्या बाईकडे कोणी नीट पाहिलं असेल, तर त्या चार आकड्यांनी.

त्यानंतर दोन आठवडे काही कळलं नाही. मी तपासणीच्या दिवशी बायांना एकेक खेप विचारत होते, गरज पडली तर सासूला बाजूला नेऊन. मैत्रिणी मला ‘उलटतपासणीवाली’ म्हणायला लागल्या. दारात कोणी आलं की माझा हात थांबायचा.

मग एका सकाळी सासू आली. एकटीच. तिला एकटी पाहून मी पेन खाली ठेवलं. तिने कनवटीतून कार्ड काढलं, कपाळाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं आणि मला तिच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता, म्हणून मी खालची ओळ बघितली. जी सात. पी सहा. एल चार. ए एक.

चार. मूल जिवंत होतं. पण हे चार रकाने आईचं काही सांगत नाहीत. मी कार्ड उलटलं. मागे डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात होतं: मुलगा, वजन ठीक. वार हाताने काढावी लागली. एक बाटली रक्त दिलं. आईची प्रकृती चांगली, घरी सोडलं.

मी खाली फरशीवर बसले आणि रडले. सासू घाबरली. तिला वाटलं, कागदावर काही वंगाळ लिहिलंय. तिला समजावताना माझी तारांबळ उडाली. नाही, सगळं चांगलं आहे, हे बघा, हा सहाचा आकडा म्हणजे सहा बाळंतपणं, हा चारचा म्हणजे घरातली चार पोरं. तिने कार्ड हातात घेऊन दोन्ही आकड्यांवर बोट फिरवलं.

“सा,” म्हणाली. “म्हंजी पाचवीला गेल्याला बी धरला?”

“हो. आणि आठव्या महिन्यातलीही. आणि तिसऱ्या महिन्यातलं या शेवटच्या रकान्यात.”

तिने कार्ड पुन्हा कपाळाला लावलं. मग सिस्टरना बघायला आत गेली. सिस्टर एका बाळंतिणीचा पलंग आवरत होत्या. सासूने त्यांना सांगितलं, की सून बाहेर झाडाखाली बसली आहे, लेकराला उन्हात आणायचं नव्हतं, म्हणून दोघं तिथंच थांबलीत. सिस्टरनी चादर तशीच टाकली. आम्ही दोघी बाहेर धावलो.

ती खरंच झाडाखाली बसली होती. ओठांना रंग होता, मांडीवर मूल होतं. मी विचारलं, याला तरी उकिरड्यावर नाही ना ठेवलं? ती हसून म्हणाली, इस्पितळात उकिरडा कुठला, नर्सबाईने नुसतं तराजूत घातलं होतं.